सावित्रीबाईंची आई काय करायची?

३ जानेवारी जवळ आला की आमच्या आळीतल्या मुली भाषण लिहून घ्यायला माझ्याकडे येतात. सगळ्यांची सुरुवात ठरलेली असते. सावित्रीबाईंचा जन्म १८३१ साली नायगावला झाला, वडील खंडोजी नेवसे पाटील, आई लक्ष्मीबाई. एकदा एका सातवीतल्या पोरीने विचारलं, "काकू, वडील पाटील होते, मग आई काय करायची?" प्रश्न साधाच, पण त्यासाठी मी वाचनालयातली चरित्रं पुन्हा काढली, आणि मा. गो. माळी यांनी संपादित केलेलं सावित्रीबाईंचं समग्र वाङ्मयही.

चरित्रात वडिलांबद्दल तरी काही मिळतं. नायगाव म्हणजे आताच्या सातारा जिल्ह्यातलं, शिरवळजवळचं गाव. नेवसे घराणं माळी समाजाचं आणि गावच्या पाटीलकीचं. आज पाटील हे नुसतं आडनाव वाटतं, पण त्या काळी ते काम होतं. शेतसारा गोळा करायचा, गावातली भांडणं मिटवायची, सरकारी माणूस आला की त्याची सोय बघायची, आणि जातीच्या रीतीभाती सांभाळल्या जातात की नाही यावरही नजर ठेवायची. म्हणजे सावित्रीबाई अशा घरात वाढल्या, जिथे गाव सल्ल्याला यायचं. अन्नाची ददात नसावी, पण 'लोक काय म्हणतील' हा धाक मात्र इतरांपेक्षा जास्तच असणार. मुलीला शाळा नाहीच. नवव्या वर्षी, १८४० मध्ये लग्न होऊन त्या पुण्याला गेल्या आणि अक्षर गिरवलं ते तिथे, जोतीरावांजवळ.

इथेच खरी अडचण आहे, मैत्रिणींनो. ज्या मुलीला बालपणी लिहिताच येत नव्हतं, तिच्या बालपणाचा तिच्या हातचा कागद कुठून मिळणार? म्हणून चरित्रकार ऐकीव गोष्टींवर भिस्त ठेवतात. शिरवळच्या बाजारात लहानग्या सावित्रीला मिशनऱ्यांकडून पुस्तक मिळालं आणि तिने ते जपून ठेवलं, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. गोड गोष्ट आहे, मलाही आवडते. पण ज्या पत्रांतून त्या स्वतः बोलतात, त्यांत ती नाही. शिवाय प्रत्येक लेखक तिच्यात थोडे आपले संवाद भरतो. दोन चरित्रं शेजारी ठेवून वाचली की फरक लगेच कळतो. आईच्या बाबतीत तर ऐकीव गोष्टीही थोड्याच. नाव येतं आणि चरित्र पुढे सरकतं.

मग उरतात पत्रं. जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं आज आपल्याला वाचायला मिळतात. १८५६ आणि १८६८ची दोन नायगावहून, १८७७चं तिसरं जुन्नरजवळच्या ओतूरहून, दुष्काळातल्या कामाबद्दल. आता नवऱ्याला पत्र लिहिताना कोणी 'माझे वडील अमुक काम करतात' असं लिहीत नाही. त्याला ते ठाऊकच असतं. त्यामुळे माहेरची माहिती तिथे सरळ मिळत नाही, ती बोलण्याच्या ओघात पडलेली वेचावी लागते.

१० ऑक्टोबर १८५६चं पत्र माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं आहे. सावित्रीबाई तेव्हा पंचविशीतल्या. आजारपणामुळे माहेरी राहिलेल्या. आधी त्या सांगतात की आता प्रकृती बरी आहे, आणि भावाने रात्रंदिवस शुश्रूषा केली. आणि मग त्याच भावाशी झालेला वाद येतो. भावाचं म्हणणं असं, की तुम्ही दोघं महार-मांगांसाठी कामं करता म्हणून तुम्हाला वाळीत टाकलं ते योग्यच आहे, तुमच्यामुळे आमच्या कुळाला बट्टा लागतो, जातीच्या रूढीने वागा, भटजी सांगतील ते ऐका. आता वर सांगितलेली पाटीलकी आठवा. कुळाचं नाव, जातीची रीत, हीच तर त्या घराची भाषा. चरित्रातल्या 'पाटील' या एका शब्दाचा अर्थ मला या भावाच्या तोंडून कळला.

आणि आई? आई तिथेच बसून ऐकते आहे. मुलाचं बोलणं ऐकून तिला वाईट वाटतं आणि ती त्याला समजावते, की देवाने चांगली जीभ दिली आहे, ती अशी वापरू नये. कर्त्या मुलाला, तेही लेकीची बाजू घेऊन! आपल्याकडे आजही किती घरांत हे घडतं ते तुम्हीच सांगा.

मग सावित्रीबाई स्वतः बोलतात. गाय-शेळीला मायेने हात लावतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, मग आपल्यासारख्याच माणसांचा विटाळ कसा? सोवळ्यातले ब्राह्मण तुझाही विटाळ मानतात, त्याचं काय? हे शेतकऱ्याच्या घरातलं बोलणं आहे. गोठा, सण, सोवळं, सगळं रोजच्या पाहण्यातलं. बालपणाचं वर्णन असं कुठेच केलेलं नाही, पण दाखले तिथलेच आहेत. शेवटी भावाला पश्चात्ताप होतो, तो क्षमा मागतो. आई लेकीला म्हणते की तुझ्या जिभेवर देवाचेच शब्द आहेत, तुझ्या ज्ञानाने आम्ही धन्य झालो. आई आणि भावाच्या या कौतुकाने आपल्याला आनंद झाला, असंही सावित्रीबाई लिहितात.

हे संभाषण लेकीने नवऱ्याला आठवून कळवलेलं आहे, हे वाचताना विसरू नये. शब्दन् शब्द आईचा असेलच असं नाही. पण आई मध्ये पडली, हे मुद्दाम कळवावंसं वाटलं, तेच मला महत्त्वाचं वाटतं. पुण्यात सावित्रीबाईंना सासू नव्हती, जोतीराव तान्हे असतानाच चिमणाबाई वारल्या. सासरे गोविंदराव फुलांचा धंदा करणारे, त्यांनीही समाजाच्या दबावाखाली मुला-सुनेला घराबाहेर काढलं. अशा वेळी नायगावच्या या एका वडीलधाऱ्या बाईचा शब्द म्हणजे केवढी मोठी गोष्ट!

१८६८च्या पत्रात घर मागे राहतं आणि गाव समोर येतं. पंचांग घेऊन फिरणारा गणेश नावाचा ब्राह्मण आणि सारजा नावाची महार मुलगी यांचं प्रेम जमलं, ती गरोदर राहिली, आणि लोक दोघांना मारत मारत जीवच घ्यायला निघाले. सावित्रीबाई धावत गेल्या, खून केलात तर इंग्रजांच्या कायद्याने काय होईल याची भीती घातली आणि दोघांना सोडवून पुण्याला जोतीरावांकडे पाठवलं. ज्या गावात त्या लहानाच्या मोठ्या झाल्या, त्या गावात रीत मोडणाऱ्याचं काय होतं, हे यातून दिसतं. भाऊ ज्या रीतीची बाजू घेत होता ती हीच.

त्या पोरीच्या भाषणात मी 'आई लक्ष्मीबाई'च्या पुढे एक ओळ घालून दिली: लेकीसाठी मुलाला समजावणारी. आईचा व्यवसाय म्हणून मला एवढंच सापडलं. १८५६च्या त्या पत्राच्या सुरुवातीलाच सावित्रीबाईंचं मन पुण्यात आहे. पूर्ण बरी झाले की येते, काळजी नसावी, आणि आपल्या माघारी फातिमाला फार त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करायची नाही.