दरी एकीकडे, तळ दुसरीकडे

बारावीच्या गणितात एक प्रश्न भल्याभल्यांना चकवतो. आलेख दिलेला असतो f′ चा, म्हणजे डेरिव्हेटिव्हचा, आणि विचारलेलं असतं मूळ फलन f बद्दल: ते कुठे वाढतं, कुठे घटतं, त्याचा तळ कुठे आहे? डोळे मात्र समोरच्या रेषेचेच चढउतार टिपू लागतात.

f′(x) = x²(x − 3) हे घ्या. याचा आलेख डावीकडे x-अक्षाच्या बराच खालून चढत येतो, x = 0 ला अक्षाला नुसता टेकतो आणि परत खाली वळतो. x = 2 ला तो −4 पर्यंत उतरतो, मग चढू लागतो आणि x = 3 ला अक्ष ओलांडून वर निघून जातो.

f′ ची किंमत म्हणजे f चा त्या ठिकाणचा चढ. त्यामुळे आधी एवढंच पाहायचं, की रेषा अक्षाच्या वर आहे की खाली. 3 च्या डावीकडे ती खालीच आहे, म्हणून f तिथपर्यंत घटत येतं. 3 नंतर वाढतं. घटणं थांबून वाढणं सुरू झालं, म्हणजे 3 ला f ची किमान किंमत. 2 पाशी दिसणारी ठसठशीत दरी f′ ची आहे, f ची नव्हे.

आणि 0? तिथे f′ शून्य आहे, शिवाय आलेखाला छोटं शिखरही आहे, म्हणून पुष्कळ जण तिथे कमाल किंमत लिहून मोकळे होतात. पण रेषा अलीकडेही अक्षाखाली आणि पलीकडेही. f तिथे क्षणभर सपाट होतं आणि पुन्हा घटू लागतं. नुसतं शून्य होऊन भागत नाही, चिन्ह बदलावं लागतं.

f′ चे चढउतार उपयोगी पडतात ते f चा बाक ओळखायला. f′ चढत असेल तिथे f चा बाक उताण्या वाटीसारखा, उतरत असेल तिथे पालथ्या वाटीसारखा. इथे 0 पर्यंत वाटी उताणी, 0 ते 2 पालथी, पुढे पुन्हा उताणी. बाक 0 आणि 2 ला पालटतो. पॉइंट ऑफ इन्फ्लेक्शन म्हणतात ते हेच. 0 च्या डावीकडे f′ चढतंय आणि f घटतंय, हे विचित्र वाटेल. पण तिथे f ची घसरण मंदावत चालली आहे, इतकंच. महागाईचा दर उतरला तरी तो शून्याच्या वर असेतोवर भाव वाढतच राहतात, तसलाच हा प्रकार, उलट्या दिशेचा.

एक गोष्ट मात्र या आलेखातून कधीच कळत नाही: f ची प्रत्यक्ष उंची. 0 ते 3 दरम्यान रेषा आणि अक्ष यांमधलं क्षेत्रफळ 6.75 भरतं, म्हणजे f तेवढं खाली येतं. f(0) = 10 असं कुणी सांगितलं तर तळ 3.25 वर. ते सांगितलं नाही, तर f ची अख्खी वक्ररेषा हवी तितकी वर-खाली सरकवा, f′ चा आलेख तसाच राहील.