‘प्रचलित उपचार’ म्हणजे नेमकं काय? : नीतिसमितीपुढचा परिच्छेद पुन्हा लिहिताना

(नायगाव येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

संशोधनाचा प्रस्ताव नीतिसमितीकडे जातो तेव्हा त्यात एक परिच्छेद असतो, ‘संशोधनपद्धतीचे समर्थन’. हीच पद्धत का निवडली, दुसरी का नाही, हे तिथं सांगायचं असतं. बहुतेक संशोधक हा परिच्छेद दुसऱ्या संशोधकासाठी लिहितात. समितीत मात्र डॉक्टरांबरोबर एक कायद्याचा जाणकार असतो, एक समाजशास्त्राचा किंवा तत्त्वज्ञानाचा माणूस असतो, आणि एक साधा नागरिक असतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं तसं सांगतात. हा साधा नागरिक शोभेसाठी बसवलेला नसतो. त्याला परिच्छेद कळला नाही, तर ज्याच्यावर संशोधन होणार त्यालाही कळणार नाही, असं समजायला हरकत नाही.

आज एकच उदाहरण घेऊ, आणि ते आपल्या शेजारचं आहे. इथून परळचं टाटा हॉस्पिटल चालत जाण्याइतकं जवळ. तिथल्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये एक मोठा अभ्यास सुरू केला. विषय होता बायकांचा कर्करोग, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा. आपण गर्भाशयमुखापुरतं बोलू. 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख बायका, आणि वस्त्यांचे वीस गट. दहा गटांतल्या बायकांची दर दोन वर्षांनी तपासणी, अशा चार फेऱ्या. तपासणी अगदी साधी : गर्भाशयमुखाला पातळ व्हिनेगर लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उठतो का ते डोळ्यांनी पाहायचं. ते पाहणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, खास प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. डाग दिसला की पुढच्या तपासणीला टाटामध्ये.

उरलेल्या दहा गटांना कर्करोगाची माहिती दिली गेली, आणि पुढं काही वर्षं घरी येऊन चौकशी होत राहिली. तपासणी मात्र केली गेली नाही.

निकाल 2013 मध्ये जाहीर झाला. बारा वर्षांच्या पाठपुराव्यात, तपासणी झालेल्या गटांत या कर्करोगानं होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी होते. हेच साध्या आकड्यांत सांगतो : एक लाख बायकांमागे वर्षाला तपासणी नसलेल्या गटांत साधारण 16 मृत्यू, तपासणी असलेल्या गटांत साधारण 11. व्हिनेगरची बाटली, दिवा आणि शिकलेली नजर एवढ्यावर हे होतं, हे मोठं ज्ञान आहे. ज्या देशांत प्रयोगशाळा परवडत नाही, त्या सगळ्यांना ते उपयोगाचं.

पण आक्षेपही आला, आणि तो किरकोळ नव्हता. टीकाकार म्हणाले, पॅप तपासणीनं हा कर्करोग वेळेत सापडतो हे जगाला कित्येक दशकं माहीत आहे. मग हजारो बायकांना कुठलीच तपासणी न देता इतकी वर्षं नुसतं मोजत राहणं योग्य कसं? संशोधकांच्या बाजूचं उत्तर असं, की भारतात या बायकांना कुणीच तपासणी देत नव्हतं, म्हणजे आम्ही त्यांच्याकडून काही काढून घेतलं नाही. आपल्याकडच्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्येही हा वाद झाला. तो आज मी सोडवणार नाही. मला दाखवायचं आहे ते हे, की हा सगळा वाद पद्धतीच्या समर्थनाच्या परिच्छेदातल्या दोन शब्दांत लपून बसू शकतो.

आता मी एक परिच्छेद वाचतो. हा त्या अभ्यासाच्या कागदांतला नाही, हे स्पष्ट सांगतो. अशा प्रस्तावांत जी भाषा नेहमी भेटते, त्या भाषेत मी तो नमुन्यादाखल रचला आहे :

“प्रस्तुत समूह-यादृच्छिक नियंत्रित चाचणीमध्ये नियंत्रण गटास प्रचलित उपचार देण्यात येतील. सदर पद्धती सर्वोत्तम पुरावा देणारी असल्याने अवलंबिण्यात आली आहे. सहभाग ऐच्छिक असून जोखीम किमान आहे.”

व्याकरण चोख. आता एकेक शब्द हातात घेऊ.

‘प्रचलित उपचार देण्यात येतील.’ वाचणाऱ्याला वाटतं, काहीतरी मिळणार आहे. पण त्या वस्तीत प्रचलित काय आहे? काहीच नाही. म्हणजे वाक्याचा खरा अर्थ ‘काहीच देण्यात येणार नाही’ असा होतो. ‘देणे’ या क्रियापदानं न देणं झाकलं गेलं. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही ‘आहे’ आणि ‘असावं’ यांतला फरक शिकवायचो. ‘प्रचलित’ हा शब्द ‘आहे’च्या दारातून आत येतो आणि ‘असावं’च्या खुर्चीवर जाऊन बसतो. तपासणी मिळत नाही ही वस्तुस्थिती झाली. ती न देणं योग्य, याला वेगळं कारण द्यावं लागेल.

‘सर्वोत्तम पुरावा’ हे ते कारण होऊ शकतं, पण अर्धंच. कशाचा पुरावा? तपासणी जमते का, हा प्रश्न असता तर दोन तपासण्यांची एकमेकींशी तुलना करता आली असती. प्रश्न होता, अशा तपासणीनं मृत्यू कमी होतात का. त्यासाठी तपासणी नसलेला गट हवा, हे तर्काला धरून आहे. मग समितीतला माणूस विचारणार, सगळ्या वस्त्यांना पाळीपाळीनं तपासणी द्या, कुठली वस्ती आधी एवढंच चिठ्ठीनं ठरवा, हे का चालत नाही? त्याला खरं उत्तर आहे. हा आजार पेशींतल्या पहिल्या बदलापासून कर्करोगापर्यंत यायला सहसा दहा-पंधरा वर्षं घेतो. दोन-तीन वर्षांनी सगळ्यांनाच तपासणी मिळाली, तर मृत्यूंमधला फरक दिसायच्या आतच पुसला जाईल. हे उत्तर परिच्छेदात लिहायला हवं. आणि त्याची किंमत कोण मोजणार, तेही त्याच ठिकाणी लिहायला हवं.

आता ‘जोखीम किमान’. आयसीएमआर जोखमीच्या चार पायऱ्या सांगते, किमानपेक्षाही कमी इथपासून मोठ्या जोखमीपर्यंत. संशोधक पायरीचं नाव लिहून मोकळा होतो. पण कुणाची जोखीम? इथं दोन वेगवेगळ्या बायका आहेत. तपासणीच्या वस्तीतल्या बाईला संकोच, थोडी जळजळ, डाग दिसला आणि पुढं काहीच निघालं नाही तर मधल्या दिवसांची भीती, आणि तुकडा काढला तर थोडा रक्तस्राव. दुसऱ्या वस्तीतल्या बाईला कुणी हातही लावत नाही, म्हणून तिची जोखीम शून्य धरली जाते. तिची जोखीम मात्र त्या न लावलेल्या हातातच आहे : सापडू शकला असता असा आजार सापडणार नाही.

मग परिच्छेद कसा लिहायचा? मी असा लिहीन :

“तपासणीमुळे या कर्करोगाचे मृत्यू कमी होतात का, हे आम्हाला पाहायचे आहे. त्यासाठी काही वस्त्यांत तपासणी करू आणि काही वस्त्यांत करणार नाही. कुठे करायची ते चिठ्ठ्या टाकून ठरेल. ते आमच्या किंवा तुमच्या हातात नाही. तपासणी नसलेल्या वस्तीत आम्ही आजाराची माहिती देऊ, आणि ही तपासणी इतरत्र कुठे करून मिळते तेही सांगू. तिथल्या काही बायकांना हा आजार होईल, आणि तपासणी झाली असती तर त्यातल्या काहींचा वेळेत सापडला असता. सर्वांना लवकर तपासणी दिली तर मृत्यूंतला फरक मोजता येणार नाही, म्हणून ही पद्धत निवडली आहे. फायदा दिसला तर अभ्यास कधी थांबवायचा हे आमच्याबाहेरची एक समिती ठरवेल, आणि त्यानंतर उरलेल्या वस्त्यांनाही तपासणी देऊ.”

लांबी वाढली, पण बघा काय झालं. ‘इतरत्र कुठे मिळते तेही सांगू’ आणि ‘त्यानंतर देऊ’ ही दोन वाक्यं जुन्या परिच्छेदात नव्हती, आणि त्यांची उणीव जाणवतही नव्हती. ‘काही बायकांना आजार होईल’ असं लिहिल्यावर ती लिहिल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. पैसे कुठून, कोण देणार, कधी, हे प्रश्नही लगेच येतात. त्यांची उत्तरं नसतील तर प्रस्ताव अजून तयार नाही.

संमतीपत्रही याच परिच्छेदातून निघतं, आणि तिथं आपल्या मराठीचे काही खड्डे आहेत. ‘चाचणी’ म्हणजे प्रयोगही आणि तपासणीही. ‘तुम्ही चाचणीत सहभागी आहात’ म्हटल्यावर दुसऱ्या वस्तीतली बाई समजेल, माझी तपासणी झाली. हा सगळ्यात घातक गैरसमज, कारण मग ती दुसरीकडं जाणारच नाही. म्हणून एकासाठी ‘अभ्यास’ आणि दुसऱ्यासाठी ‘तपासणी’, हे शेवटपर्यंत पाळा. ‘नियंत्रण गट’ म्हणजे कुणीतरी ताबा ठेवणार असं वाटतं. ‘तपासणी नसलेल्या वस्त्या’ म्हणा. ‘नकारात्मक निष्कर्ष’ वाईट बातमीसारखा ऐकू येतो; ‘डाग दिसला नाही’ म्हणा. ‘जोखीम’ म्हटलं की घरातल्या आजीला अजून दागिन्यांचा डबा आठवतो. ‘त्रास’ आणि ‘धोका’ हे शब्द वेगवेगळे वापरा.

वस्तीची संमती आणि बाईची संमती याही वेगळ्या. मंडळाचा अध्यक्ष किंवा नगरसेवक ‘या’ म्हणाला, तर ती वस्तीत यायची परवानगी झाली. बाईचा होकार तिच्याकडूनच घ्यायचा, आणि चिठ्ठी आधीच पडली असेल तर कुठली पडली हे तिला सांगून घ्यायचा. वाचता येत नसेल तर मजकूर वाचून दाखवायचा, अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर ठेवायचा आणि मग अंगठा.

कळलं की नाही, हे सहीवरून कळत नाही. प्रस्ताव पाठवण्याआधी कागद चाळीतल्या चार-पाच जणींना वाचून दाखवा, मग कागद बाजूला ठेवून तीन प्रश्न विचारा : तुमच्या वस्तीत तपासणी होणार का? नाही म्हणालात तर टाटातल्या किंवा महापालिकेच्या दवाखान्यातल्या उपचारांवर काही परिणाम होईल का? अभ्यासात असताना अंगावरून जास्त जायला लागलं तर काय कराल? त्यांनी स्वतःच्या शब्दांत उत्तर द्यायचं, नुसतं ‘हो, कळलं’ चालणार नाही. पहिल्याच प्रश्नाला दोघी चुकल्या, तर दोष कागदाचा.

शेवटी एक मर्यादा सांगून थांबतो. साध्या भाषेनं अन्याय्य योजना न्याय्य होत नाही. प्रामाणिक परिच्छेद वाचूनही समिती ‘नको’ म्हणू शकते, आणि बाईही म्हणू शकते. पण तेव्हा त्या दोघी ज्याला नको म्हणतात ते त्यांना दिसलेलं असतं. ‘प्रचलित उपचार’ वाचून दिलेला होकार कशाला दिला होता, हे देणारीला सांगता येत नाही. प्रश्न असतील तर विचारा.