वक्राचं न दिसलेलं शेपूट

विश्रांती घेत असलेल्या प्रौढ माणसाचं हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त पुढे ढकलतं. या आकड्याला डॉक्टर कार्डिअ‍ॅक आउटपुट म्हणतात. पण हा झाला सर्वसाधारण आकडा. समोर पडलेल्या रुग्णाचं हृदय आत्ता किती ढकलतंय, हे कसं काढायचं? महाधमनी कापून तिच्याखाली भांडं तर धरता येत नाही. अ‍ॅडॉल्फ फिक यांनी 1870 मध्ये ऑक्सिजनच्या हिशेबावरून एक उपाय सुचवला होता. गणित चोख होतं, पण त्यासाठी हृदयाच्या उजव्या बाजूतलं रक्त काढावं लागे आणि जिवंत माणसात ते जमण्यासारखं नव्हतं. 1897 मध्ये जॉर्ज नील स्टुअर्ट यांनी दुसरी वाट धरली. रक्तात बाहेरून एखादी गोष्ट मोजून घालायची आणि ती पुढे किती पातळ झाली ते पाहायचं. त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले आणि त्यात मिठाचं पाणी वापरलं.

तत्त्व सोपं आहे. एखाद्या हौदात पाच मिलिग्रॅम रंग टाकून ढवळला आणि लिटरमागे एक मिलिग्रॅम रंग सापडला, तर हौदात पाच लिटर पाणी आहे हे सांगायला पंडित लागत नाही. अडचण एवढीच की रक्त साठून राहत नाही, ते वाहत असतं. शिरेत एकदम सोडलेला रंग धमनीत काही सेकंदांनी उगवतो, गडद होतो आणि फिका होत जातो. तेव्हा संहतीचा एकच आकडा धरून चालत नाही, प्रत्येक क्षणाचा वेगळा हिशेब मांडावा लागतो. एका सेकंदात धमनीतून गेलेला रंग म्हणजे त्या सेकंदाची संहती गुणिले त्या सेकंदातला रक्तप्रवाह. अशा सगळ्या सेकंदांची बेरीज केली की टोचलेला सगळा रंग हिशेबात यायला हवा. प्रवाह सगळीकडे तोच असल्यामुळे तो बेरजेच्या बाहेर काढता येतो. आत उरते ती फक्त संहतीची बेरीज, म्हणजेच वेळेच्या आलेखावर काढलेल्या वक्राखालचं क्षेत्रफळ. टोचलेल्या रंगाला या क्षेत्रफळाने भागलं की प्रवाह हाती येतो.

यावर चौकस वाचक विचारील, की मनगटाच्या धमनीतून तर थोडंसंच रक्त जातं, मग तिथे मोजून सगळ्या हृदयाचा हिशेब कसा लागतो? रंग हृदयातून आणि फुप्फुसांतून जाताना रक्तात नीट मिसळलेला असतो. त्यामुळे महाधमनीच्या प्रत्येक फांदीत संहतीचा वक्र जवळपास सारख्याच क्षेत्रफळाचा येतो. फांदी मोठी की छोटी याने फरक पडत नाही. फरक पडतो तो मिसळण्यात कसर राहिली तर.

आणखी एक गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटी वाटते. हृदय जितकं दुबळं, तितकं क्षेत्रफळ मोठं. प्रवाह मंद असला की तोच रंग कमी रक्तात मिसळतो आणि रेंगाळतही राहतो.

मिठाच्या जागी पुढे रंगद्रव्यं आली. 1950च्या दशकाच्या अखेरीस मेयो क्लिनिकमध्ये इंडोसायनिन ग्रीन वापरात आलं आणि त्याने आधीच्या निळ्या रंगांना मागे टाकलं. त्याचं कारण मोठं सुरेख आहे. हा हिरवा रंग साधारण 805 नॅनोमीटरचा प्रकाश सर्वाधिक शोषतो, आणि नेमक्या त्याच ठिकाणी ऑक्सिजन घेतलेलं आणि ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन सारखाच प्रकाश शोषतं. त्यामुळे रक्तातला ऑक्सिजन कमीजास्त झाला तरी मापात घोटाळा होत नाही. शिवाय यकृत हा रंग काही मिनिटांत पित्तात टाकून देतं, त्यामुळे थोड्या वेळाने पुन्हा मोजता येतं. जुना इव्हान्स ब्लू रक्तात दिवसेंदिवस ठाण मांडून बसे.

आता एक उदाहरण सोडवून पाहू. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत, पण वक्राची ठेवण खरी आहे. पाच मिलिग्रॅम रंग टोचला आणि दर दोन सेकंदांनी धमनीतली संहती नोंदली. आठव्या सेकंदाला लिटरमागे 0.5 मिलिग्रॅम रंग दिसला. पुढे 2.5, 5.5 आणि चौदाव्या सेकंदाला 6 असा तो चढला. मग उतार लागला: 4.8, 3.6, 2.7 आणि बाविसाव्या सेकंदाला 2. इथून तो शून्याकडे जाईल अशी आपली अपेक्षा. पण चोविसाव्या सेकंदाला 1.7 येतो आणि त्यानंतर आकडा तिथेच घुटमळतो, वरही सरकतो. शरीराची फेरी मारून आलेला रंग दुसऱ्यांदा धमनीत शिरलेला असतो. एकदा मोजलेला रंग पुन्हा मोजला जाऊ लागतो आणि सगळा हिशेबच बिघडतो.

हा पेच विल्यम हॅमिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1928 ते 1932च्या सुमारास सोडवला. उतारावरचे आकडे पाहा, प्रत्येक आकडा आधीच्याच्या सुमारे पाऊणपट आहे. प्रत्येक ठोक्याला हृदय आतल्या रक्ताचा ठरावीक हिस्सा बाहेर टाकतं आणि त्या जागी कोरं रक्त येतं, म्हणून रंग ठरावीक पटीने कमी होत जातो. एका बाजूला लॉगरिदमची मोजपट्टी असलेल्या आलेखाच्या कागदावर हा उतार सरळ रेषा होतो. पट्टी ठेवायची आणि रेषा खाली वाढवायची. जे शेपूट दुसऱ्या फेरीच्या रंगाने झाकून टाकलं, ते असं कागदावर परत आणता येतं. आपल्या उदाहरणात पुढचे आकडे 1.5, 1.1, 0.8 असे घसरत जातात आणि त्या सगळ्यांची बेरीज सहाच्या जवळ येते.

आता बेरीज करू. बाविसाव्या सेकंदापर्यंत 27.6, शेपटाचे 6, मिळून 33.6. नोंदी दोन सेकंदांच्या अंतराने घेतल्या, म्हणून क्षेत्रफळ 67.2. पाच भागिले 67.2 गुणिले साठ, म्हणजे मिनिटाला जवळपास साडेचार लिटर. शेपूट सोडून दिलं असतं तर उत्तर 5.4 आलं असतं. उलट दुसऱ्या फेरीच्या रंगासकट चाळीस सेकंदांपर्यंतचं सगळं धरलं असतं, तर साडेतीन. माणूस एकच, रक्त तेवढंच, आणि उत्तरात दोन लिटरचा फरक. म्हणजे हे माप वक्राच्या अशा भागावर उभं आहे, जो यंत्राने कधी काढलाच नाही. कॉम्प्युटर येण्याआधी हे क्षेत्रफळ प्लॅनिमीटर नावाचं उपकरण वक्राच्या कडेने फिरवून मोजत, किंवा सरळ वक्र कात्रीने कापून तो कागद तराजूत तोलत. मला स्वतःला ही दुसरी पद्धत फार आवडते.

रेषा वाढवण्याची युक्ती नेमकी गरजेच्या वेळी दगा देते. हृदय फार थकलेलं असेल किंवा झडप गळत असेल, तर वक्र इतका लांबतो आणि पसरतो, की उतार सरळ व्हायच्या आतच दुसरी फेरी येऊन ठेपते. मग पट्टी कुठे ठेवायची हे मोजणाऱ्याच्या मर्जीवर उरतं. हृदयाच्या पडद्याला भोक असेल तर वक्राचा आकारच बदलतो. डाव्या बाजूचं रक्त उजवीकडे जात असेल, तर उतारावर रंग लवकर परत येऊन खांदा दिसतो. उजवीकडचं रक्त थेट डावीकडे घुसत असेल, तर मुख्य चढाच्या आधीच एक छोटा उंचवटा येतो. अशा वेळी आकडा बाजूला ठेवून वक्राची ठेवणच निदानाला उपयोगी पडते. आणखी एक साधी चूक म्हणजे सिरिंजमध्ये किंवा नळीत थोडा रंग राहून जाणं. हिशेबात पाच मिलिग्रॅम धरले, आत गेले साडेचार, तर क्षेत्रफळ घटतं आणि हृदय आहे त्याहून तगडं दिसतं.

1970 मध्ये स्वान आणि गँझ यांच्या कॅथेटरचा शोधनिबंध आला आणि त्यानंतर रंगाची जागा बहुतांशी थंडीने घेतली. गार सलाइन उजव्या कर्णिकेत सोडायचं आणि फुप्फुसाच्या धमनीत रक्ताचं तापमान किती उतरलं ते पाहायचं. गणित तेच, वक्राखालचं क्षेत्रफळ तेच, फक्त संहतीच्या जागी तापमानातली घट. शरीरातून जाताना ऊती ही थंडी शोषून टाकतात, त्यामुळे दुसऱ्या फेरीचा त्रास जवळपास संपतो आणि दोन-तीनदा मोजून सरासरी काढता येते. पण ऊती थंडी शोषतात हे दुधारी आहे. प्रवाह फार मंद असेल तर मापायच्या जागी पोहोचायच्या आतच थोडी थंडी आजूबाजूला निसटते, क्षेत्रफळ कमी भरतं, आणि सर्वांत आजारी हृदयाचा आकडा खऱ्याहून बरा दिसतो.