किनारीवरचा दोरा

१९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, आणि पुढे त्या संस्थानी गावाचे वस्त्रनगरीत रूपांतर झाले; परंतु मागांच्या खडखडाटाने ज्या गावाचा लौकिक झाला, त्याच गावात एक काम असे आहे की जे जवळजवळ निःशब्द चालते व ज्याच्यावर कापडाचा अखेरचा भाव अवलंबून असतो. ते काम म्हणजे विणून उतरलेला तागा प्रकाशासमोर धरून त्याचे दोष शोधणे आणि त्या दोषांची नोंद करणे. कलत्या मेजाच्या काचेखाली दिवे असतात, कापड मेजावरून सावकाश ओढले जाते, आणि तपासनीस त्याच्यासमोर उभा राहून रुंदीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवीत असतो. जेथे धागा नाही तेथे खालचा उजेड अधिक फाकतो आणि जेथे दोन धागे एकत्र आले तेथे तो दबतो, म्हणून वरच्या उजेडात सपाट वाटणारे कापडही या मेजावर आपले कसूर लपवू शकत नाही.

दोष सापडला की त्याची किंमत ठरवायची कशी, हा या कलेतील खरा प्रश्न. जगभर रूढ असलेल्या चार-गुण पद्धतीत तीन इंचांपर्यंतच्या दोषाला एक गुण, सहा इंचांपर्यंत दोन, नऊ इंचांपर्यंत तीन आणि त्याहून लांब दोषाला चार गुण देतात. कापडाला पडलेले मोठे भोक असेल तर चार गुण ठरलेलेच. एका वारात कितीही दोष असले तरी चारांहून अधिक गुण धरीत नाहीत. शंभर चौरस वारांमागे गुणांची बेरीज ४० च्या आत राहिली तर माल सामान्यतः अव्वल समजतात आणि त्यापलीकडे गेली तर दुय्यम, म्हणजे धंद्याच्या बोलीत ‘सेकंड’. ही ४० ची मर्यादा काही वेदवाक्य नव्हे. खरेदीदार आणि विक्रेता यांच्या कराराने ती कमीजास्त होते.

आता एकच तागा डोळ्यांपुढे आणू. लांबी शंभर मीटर, रुंदी १२० सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे १४३ चौरस वार. त्यावर बारा लहान दोष एकेका गुणाचे, पाच दोष दोन-दोन गुणांचे, दोन मोठे दोष चार-चार गुणांचे आणि एक भोक चार गुणांचे, असे वीस ठिकाणी मिळून ३४ गुण झाले. शंभर चौरस वारांना सुमारे २४, म्हणजे तागा अव्वल. परंतु याच ताग्यात आणखी एका जागी ताण्याचा एक उभा धागा तुटला आणि विणकराच्या ध्यानात न आल्याने माग तसाच चालत राहिला. धागा तुटताच माग थांबविणारी योजना साध्या यंत्रमागावर नसते. मिनिटाला दीडशे फेकी आणि इंचाला ५२ आडवे धागे, या गतीने सहा मीटर कापड उतरायला सुमारे एक तास वीस मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ त्या कापडात किनारीपासून वीस सेंटिमीटरवर केसाएवढी एक फट उतरत राहिली. सहा मीटर म्हणजे साडेसहा वार. त्यांचे सात वार धरून २८ गुण, आणि सारी बेरीज ६२. शंभर चौरस वारांना ही बेरीज ४३ होते. एका तुटलेल्या धाग्याने सबंध तागा दुय्यम ठरला.

येथपर्यंतचे गणित बिनतक्रार आहे. वाद येथून पुढे सुरू होतो, कारण गुणांनी प्रत ठरते, सूट ठरत नाही. विक्रेत्याने ताग्यावर नुसता ‘सेकंड’ असा शेरा मारला, तर खरेदीदाराला दोष कोठे आहे व केवढा आहे हे कळत नाही, आणि जे कळत नाही त्याची तो मनातल्या मनात सर्वांत वाईट कल्पना करतो. मीटरला शंभर रुपये भाव धरला तर तो वीस टक्के सूट मागेल, म्हणजे ताग्यामागे दोन हजार रुपये. प्रत्यक्षात नुकसान किती, ते पाहू. फटीचे सहा मीटर शर्टासाठी कापणे अवघड असले तरी अस्तराला व उशीच्या अभ्र्याला चालतील, म्हणून त्यांचा भाव साठ रुपये धरला तर तोटा २४० रुपयांचा. उरलेल्या वीस दोषांपायी कापताना प्रत्येकी दहा सेंटिमीटर कापड वाया जाईल असे मानले, तर दोन मीटर, म्हणजे २०० रुपये. एकूण ४४० रुपये, शेकडा साडेचारांहूनही कमी. दोन हजार आणि ४४० यांतील १५६० रुपये हे कापडाच्या दोषाचे मूल्य नसून संशयाचे मूल्य होय, आणि ते विक्रेत्याने आपल्या मौनापायी भरलेले असते.

हा संशय दूर करण्याची रीत लोकरी कापडाच्या इंग्रजी धंद्यात फार पूर्वीपासून आहे: दोष सापडला की त्याच्या नेमक्या जागी किनारीला रंगीत दोरा बांधावयाचा, आणि दर दोऱ्यामागे ठरलेली लांबी हिशेबातून वजा करावयाची. कापणाऱ्याला दोरा दिसला की तो तेवढा भाग वगळून आपले साचे मांडतो. हिशेबनीस दोरे मोजून बिल करतो. आणि दोघांनाही विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून राहण्याचे कारण उरत नाही. किरकोळ दुकानात दोऱ्याची जागा चिठ्ठी घेते, आणि चांगल्या चिठ्ठीत चार गोष्टींचा तपशील असतो: दोष कोणता, कोठे, केवढा, आणि धुतल्यावर त्याचे काय होईल. ‘किनारीपासून २० सें.मी.वर एक उभा धागा नाही, लांबी दोन मीटर, धुण्याने वाढणार नाही, भाव ६०’ एवढी ओळ पुरते. ‘किरकोळ दोष’ हे शब्द मात्र त्या चिठ्ठीवर असू नयेत, कारण किरकोळ काय हे ठरविण्याचा अधिकार घेणाऱ्याचा आहे.

चौथी गोष्ट सर्वाधिक दुर्लक्षित राहते, आणि सूट रास्त की फसवी हे पुष्कळदा तीच ठरविते. गेलेला धागा आहे तेथेच राहतो. यंत्राच्या तेलाचा डाग पुढील प्रक्रियेतील उष्णतेने कापडात पक्का बसू शकतो. ज्या जागी कापड विरले किंवा कमजोर झाले आहे, ती आज दिसते त्याहून उद्या मोठी होईल, म्हणून तिच्यावर आजच्या आकाराने सूट देणे अन्याय्य ठरते. याहून कठीण म्हणजे निराळ्या सुताची सरमिसळ: कोऱ्या कापडात ती दिसतच नाही, आणि रंग चढल्यावर मात्र गडद-फिक्या पट्ट्या उमटतात. अशा कापडाच्या बाबतीत विक्रेत्याने आपण ते रंगवून पाहिले नसल्याचे स्पष्ट सांगावे, एवढीच प्रामाणिक वाट राहते.

१९३० च्या मालविक्री कायद्याच्या सोळाव्या कलमातही दिसणाऱ्या आणि लपलेल्या दोषांतला हा भेद अधिकृत भाषेत आला आहे. खरेदीदाराने माल तपासला असेल, तर जो दोष त्या तपासणीत ध्यानात यायला हवा होता त्याबद्दल त्याला गुणवत्तेच्या गर्भित शर्तीचा आधार घेता येत नाही. परंतु तपासणीत कळू न शकणारा दोष या अपवादात मोडत नाही. म्हणजे उघड दोष दाखवून दिला तर विक्रेत्याची जबाबदारी हलकी होते, लपलेला दोष मात्र त्याच्या अंगाशी येऊ शकतो. तेव्हा दुय्यम माल घेताना ग्राहकाने ‘किती कमी कराल’ हा प्रश्न मागे ठेवून ‘दोष कोठे आहे, दाखवा’ असे प्रथम म्हणावे, आणि दुकानदाराला तो दाखविता आला नाही, तर कितीही मोठी सूट मिळत असली तरी तो माल घेऊ नये.