पिनांविना सकाळ

१२ फेब्रुवारी १९२७, शनिवार. लंडनच्या ब्लूम्सबरी भागात टॅव्हिस्टॉक स्क्वेअरमधल्या आपल्या घरी व्हर्जिनिया वुल्फ डायरी लिहायला बसली, तेव्हा तिच्या केसांना कात्री लागून तीन दिवस झाले होते. आधी तिने वाचन-लेखनाविषयी लिहिलं आणि मग एकदम आठवल्यासारखी ती केसांकडे वळली. लग्नानंतरची आयुष्यातली सर्वांत मोठी घटना नोंदवायचीच राहिली, अशी तिने सुरुवात केली. ही थट्टा तिच्या बहिणीचा नवरा क्लाइव्ह बेल याची. व्हर्जिनियाने ती उचलली, पण पुढच्या चार-पाच वाक्यांत तिने जे टिपलं ते थट्टेच्या पलीकडचं आहे.

त्या वेळी ती नुकतीच ४५ वर्षांची झाली होती. ‘टू द लाइटहाउस’ लिहून संपली होती आणि मे महिन्यात प्रसिद्ध व्हायची होती. ती वाढली व्हिक्टोरिया राणीच्या काळात. तेव्हाच्या घरांत मुलगी वयात आली की तिचे केस वर बांधले जात. मोकळे केस लहान मुलींचे, बांधलेले केस बाईचे, असा सरळ हिशेब होता. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं रोज सकाळी एकच काम: ब्रश फिरवायचा, केस बोटाभोवती पिळायचे, मानेवर वेटोळं घालायचं आणि एकेक पिन खोचत ते जागेवर बसवायचं.

ती पिन म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली साधी तार. तिला चिमटा नसतो. अंबाडा घट्ट आणि केस जाड असतील तर ती नुसत्या घर्षणावर टिकते. केस बारीक, मऊ किंवा नुकते धुतलेले असले की मान वळवताना, हसताना, टोपी काढताना ती हळूहळू बाहेर सरकते. एक पिन सुटली की तिच्यावरचा भार शेजारच्या पिनेवर येतो आणि थोड्या वेळाने सगळंच सैल पडतं. बाहेर जेवायला बसलेल्या बाईला हे मागे चाललेलं दिसत नाही. मानेवर एखादी बट टेकली की मगच कळतं. कपड्यांची आणि लोकांच्या नजरेची धास्ती व्हर्जिनियाला जन्मभर होती. म्हणूनच केस गेल्यावर बाहेरच्या जेवणाची निम्मी भीती गेली, असं ती डायरीत मोकळेपणाने सांगते.

मात्र त्या नोंदीतला सर्वांत खरा भाग सकाळचा आहे. ती लिहिते की रोज सकाळी ब्रश उचलायला, जुना पीळ बोटाभोवती घ्यायला आपला हात निघतो आणि मग आनंदाचा झटका बसावा तसं ध्यानात येतं की आता याची गरज उरली नाही. केस कापलेल्या कुठल्याही बाईला हे ओळखीचं वाटेल. वेणी पुढे घ्यायला हात खांद्याकडे जातो, उशीवर डोकं टेकताना केस बाजूला सारण्यासाठी मान आपोआप उचलली जाते. केस एका क्षणात कापले जातात. हाताला, मानेला ते कळायला बरेच दिवस लागतात. व्हर्जिनियाने नेमका हा मधला काळ पकडला. महिनाभराने लिहिलं असतं तर हात सरावला असता आणि ही गोष्ट तिच्याही स्मरणातून गेली असती.

आपलं रूप कसं दिसतं याबद्दलही तिने लिहिलं, पण ते सोयीच्या मागोमाग. सौंदर्यावर आता आपला काही हक्क उरलेला नाही, तेव्हा सोय एवढं एकच कारण पुरेसं आहे, असा तिचा सूर आहे. समोरून काहीच बदल नाही, असं सांगून ती पाठीमागून दिसणाऱ्या डोक्याला तित्तिर पक्ष्याच्या मागच्या बाजूची उपमा देते. ही उपमा विनोदी असली तरी अचूक आहे, कारण त्या केशरचनेचा सगळा खेळ मागेच असे. ‘बॉब’ म्हणजे कानाच्या आसपास सरळ रेषेत कापलेले केस. ‘शिंगल’मध्ये मागचे केस वरून खाली आखूड करत नेऊन मानेवर निमुळते, त्वचेला लागून संपवत. या दोन्हींच्या मधला प्रकार ‘बिंगल’, आणि आपलं हेच झालं असं ती सांगते. मागे थरांनी कापलेले आखूड केस एकावर एक बसले की ते खरोखरच पिसांसारखे दिसतात.

याच घटनेची दुसरी हकिगत तिच्या पत्रात आहे. मैत्रीण व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट तेव्हा इराणमध्ये होती. तिला व्हर्जिनियाने सगळं रंगवून कळवलं: स्पॅनिश वाइन झालेली, रात्रीचे बाराचा सुमार, डोकं थोडं हलकं आणि बोबो मेयर या मैत्रिणीच्या आग्रहाला बळी पडून तिच्या हाती दिलेले केस. कापलेले केस स्वयंपाकघरातल्या बादलीत गेले. पिना तर आपण चर्चच्या वेदीवर वाहिल्या, बऱ्या झालेल्या पंगूने कुबड्या वाहाव्यात तशा, असंही तिने लिहिलं. पत्र वाचताना मजा येते. ते दूर असलेल्या मैत्रिणीला हसवायला, थोडं चिडवायलाही लिहिलेलं आहे. डायरीत वाइन नाही, मध्यरात्र नाही, बोबोची मोहिनी नाही. तिथे ब्रश आहे, पीळ आहे आणि रिकामा राहिलेला हात आहे. केस कसे गेले हे पत्रातून कळतं. ते गेल्यावर काय होतं, यासाठी मात्र डायरीच उघडावी लागते.

मराठी वाचकाला इथे थांबावंसं वाटेल, कारण त्याच काळात आपल्याकडे कापलेल्या केसांचा अर्थ फार वेगळा होता. विधवेचं केशवपन तेव्हा पुरतं थांबलेलं नव्हतं. हिंगण्याच्या आश्रमासाठी आयुष्य वेचणाऱ्या पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ १९२८ साली आली, म्हणजे व्हर्जिनियाच्या या नोंदीनंतर वर्षभराने. विधवा झाल्यावर पार्वतीबाईंचं केशवपन झालं होतं. पुढे त्यांनी ते नाकारून पुन्हा केस वाढवले. लंडनमध्ये एका बाईला केस कापून जो सुटकेचा श्वास घेता आला, तोच श्वास पुण्यात दुसरीने केस वाढवून घेतला. दोघींनी आपल्या डोक्याचा निर्णय आपण घेतला आणि तो लिहूनही ठेवला.

आता आपण जन्मभर आखूड केसांची, असं व्हर्जिनियाने त्या शनिवारी ठामपणे लिहिलं होतं. पण ही केशरचना टिकवणं सोपं नसे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. लांब केसांत हे लक्षातही येत नाही. मानेवर निमुळत्या केलेल्या शिंगलची कड मात्र दोन-तीन आठवड्यांत पुसट होते. मग पुन्हा खुर्चीत बसायचं, पुन्हा कोणीतरी मागे उभं राहून आपल्याकडे निरखून पाहणार. पिनांची कटकट जाते, कात्रीची सुरू होते. १९३९ साली छायाचित्रकार जिझेल फ्रॉइंडने व्हर्जिनियाचे फोटो घेतले, तेव्हा तिचे केस पिकलेले होते आणि पुन्हा लांब, मागे सैलसर बांधलेले होते.