साचेवाल्याचं कपाट

माणूस गेल्यावर त्याचे कपडे आवरायचं काम बहुधा तेरावं उरकल्यावर निघतं. पाहुणे पांगलेले असतात, कपाटाची किल्ली मुलाच्या हातात आलेली असते आणि घरातली वडीलधारी बाई सांगते, धड असतील ते वाटून टाक, बाकीचे बोहारणीला घाल. एका दुपारचं काम. मुलगा कपडे काढायला लागतो आणि त्याच्या लक्षात येतं, की यातल्या निम्म्या कपड्यांत त्यानं वडिलांना कधी पाहिलेलंच नाही.

इथे घेतलेलं कपाट लालबागच्या चाळीतल्या एका गिरणी कामगाराचं आहे. माणूस कल्पित आहे, कपडे मात्र त्या पिढीच्या कुठल्याही घरात सापडावेत असे. वडील संगमेश्वर तालुक्यातले. विशीच्या आत मुंबईला आले, काही वर्षं बदली कामगार म्हणून गेटावर उभे राहिले, मग साचा खात्यात कायम झाले. १९८२चा संप झाला तेव्हा चाळिशीला आले होते. पुढे वॉचमनची नोकरी केली आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गेले.

कपाटात पहिली खटकते ती एक उणीव. वीस वर्षं गिरणीत काढलेल्या माणसाच्या कपाटात गिरणीत घालायचा एकही कपडा नाही. साचा खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवत, कारण कोरड्या हवेत सुती ताणा तटातट तुटतो. त्या उकाड्यात माणसं गंजीफ्रॉक आणि खाकी अर्ध्या चड्डीवर साचे चालवत. घाम, तेल आणि कापसाची पूड यांनी तो कपडा लवकर विरायचा, आणि विरलेलं सुती कापड घरात कधी वाया जात नसे. ते आधी फडकं व्हायचं, मग पायपुसणं. कपाटात उरतात ते कमी वापरलेले कपडे. रोजचे कपडे वापरूनच संपतात. त्यामुळे नुसत्या कपाटावरून माणूस ओळखायला गेलं, तर तो जन्मभर लग्नालाच जात होता असं वाटेल.

गिरणीचे कपडे शोधायचे तर कपाटाच्या माथ्यावर ठेवलेली गोधडी उतरवावी लागते. वरून आईचं जुनं लुगडं, त्यावर धावदोऱ्याच्या जवळजवळ रांगा. एका कोपऱ्यात लुगडं फाटलंय आणि आतला थर दिसतो: खाकी कापडाचा तुकडा, त्यावर खिशाची अर्धी शिवण तशीच. शेजारी पांढऱ्या कापडाची एक पट्टी आहे. तिच्या किनारीवर निळ्या शाईत गिरणीच्या नावाची शेवटची दोन अक्षरं आणि पुढे काही आकडे उरले आहेत. ठाणाच्या किनारीवर नाव छापायची गिरण्यांची रीतच होती. ठाणातून कापून उरलेले तुकडे म्हणजे फेंट. ते स्वस्तात मिळायचे आणि कामगारांच्या घरी परकर, उशीचे अभ्रे, पोरांचे सदरे होऊन फिरायचे. वडिलांनी विणलेलं कापड मुलाच्या अंगावर रोज होतं. ते कुणी त्याला सांगितलं नव्हतं इतकंच.

हँगरवर मात्र टेरीकॉट भरपूर. याचं कारण आवडीपेक्षा धाग्यात आहे. पॉलिएस्टर आणि सूत यांचं हे मिश्रण सुरकुतत नाही, लवकर वाळतं आणि सहजी झिजत नाही. शिवाय ते पाणी नीट शोषत नाही, म्हणून त्याचं फडकं होत नाही, पायपुसणं होत नाही, आणि गोधडीतही बायका ते नाखुशीनं घालतात. सुती कपडा घराच्या उपयोगी पडून संपतो आणि टेरीकॉट निरुपयोगी म्हणून टिकतो. कुठला कपडा कशाचा अशी शंका आली, तर आतल्या शिवणीच्या मायेतल्या कापडाचा एक दोरा काढून जाळून पाहावा. सुती दोरा कागदासारखा वास देत भुरभुर राख होतो. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला काळा कडक मणी धरतं. टेरीकॉटच्या दोऱ्यात दोन्ही खुणा दिसतात.

या टेरीकॉटमध्ये एक चॉकलेटी पँट आहे, आणि सगळ्या कपाटात वाचायला सर्वांत रंजक तीच. पाय खाली घोळदार, म्हणजे सत्तरच्या दशकातली बेलबॉटम. कमरेच्या आत टेलरची कापडी चिठ्ठी, तिच्यावर परळचा पत्ता. पँट शिवताना टेलर मागच्या बैठकीच्या शिवणीत दोन्ही बाजूंनी माया सोडतो, म्हणजे माणूस सुटला तर कंबर वाढवता येते. पँट उलटी करून उजेडात धरली की सुईच्या जुन्या भोकांची ओळ दिसते. टेरीकॉटमध्ये ती भोकं सहसा बुजत नाहीत. इथे अशा दोन ओळी आहेत. पहिल्या शिवणीपासून कापड बाहेर सोडलंय. शिवणीच्या आत दडलेला पट्टा उन्हात न आल्यानं अजून गडद आहे, म्हणून हे कळतं. म्हणजे पँट शिवल्यावर चारेक वर्षांत कंबर दोन इंच वाढली. नोकरी कायम झाली, संसार बसला, खानावळीचं जेवण सुटलं. हिशेब जुळतो.

दुसरी ओळ उलटी आहे. कंबर पुन्हा आवळली आहे, तीही तीन इंचांनी. मुलाच्या मनात लगेच संप येतो. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. कित्येक कामगारांनी बायकामुलांना गावी धाडलं, भांडीकुंडी विकली. अशा दिवसांत माणूस वाळणारच. पण पँटचे पाय पाहिले की हा अर्थ कोसळतो. खालची पट्टीही अडीच इंचांनी वर दुमडून शिवली आहे. उपासमारीनं माणूस बारीक होतो, ठेंगणा होत नाही.

आईला विचारल्यावर ती सहज सांगते, "ती होय? ती तुझ्या धाकट्या काकाला केली होती. त्याला नोकरीसाठी भेटायला बोलावलं होतं, अंगावर धड पँट नव्हती. नवीन घ्यायला पैसे कुठले तेव्हा? तुझ्या बाबांनी आपलीच दिली, मी घरी हातानं शिवून दिली. ते वर्षभर पायजम्यावरच होते." दुसऱ्या शिवणीचे टाके मशीनचे नाहीत, हे तिनं सांगितल्यावर मुलाच्या ध्यानात येतं. कपड्यावरून अंदाज बांधताना एकच खूण धरून चालणं धोक्याचं, ते यामुळे. कंबर, उंची आणि टाका हे तिन्ही जुळले तरच वाचन पक्कं. आणि घरात विचारायला कुणी हयात असेल, तर आधी त्यांना विचारावं.

वॉचमनचा गणवेश त्यामानानं सरळ बोलतो. फिक्या निळ्या रंगाचा तयार शर्ट, अंगाला न बेतलेला. बाह्या लांब, म्हणून आत दुमडून टाकल्या आहेत. गिरणीतला साचेवाला टेलरकडे माप देऊन कपडे शिवून घेत असे, त्याच माणसाला आता कंपनीनं दिलेल्या मापात बसावं लागलं, इतकं त्या बाह्यांवरून कळतं. डाव्या खिशावर हाताच्या पंजाएवढा चौकोन बाकी शर्टापेक्षा गडद आहे आणि त्याच्या कडेला पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे अडकलेत. तिथला कंपनीचा बिल्ला ब्लेडनं उसवून काढला आहे. तसा शर्ट गावी शेतात घालायला चालतो. संपानंतर शेकडो कुशल कामगार अशाच इमारतींच्या फाटकांवर उभे राहिले. त्यातल्या काही इमारती तर गिरण्यांच्याच जागेवर उठलेल्या.

तळाच्या ट्रंकेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला लाल साटिनचा सदरा निघतो, गळ्याला आणि बाह्यांना सोनेरी फीत. सोबत घुंगरांचा चाळ. मुलाला हे कुठल्या तरी नाटकातलं वाटतं. हा जाखडीचा पोशाख आहे, म्हणजे गणपतीत रत्नागिरीकडे होणारा, बाल्या डान्स म्हणून मुंबईत ओळखला जाणारा नाच. ढोलकीच्या ठेक्यावर माणसं गोल धरून नाचतात. शक्तीवाले आणि तुरेवाले यांच्यात सवाल-जवाब रंगतात. साटिनला घाम सोसत नाही. काखेतलं कापड कडक होऊन रंग उडालाय, दोन ठिकाणी काळ्या दोऱ्यानं सांधलंय. एका गणपतीपुरता घातलेला सदरा इतका खराब होत नाही. वडील बरीच वर्षं नाचत होते. घरात मात्र त्यांना कुणी गुणगुणतानाही ऐकलेलं नव्हतं.

मधल्या कप्प्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मुलाच्या लग्नात शिवलेला राखाडी सफारी, दोनदा घातलेला. एक हातविणीचा स्वेटर. शेवटच्या वर्षांतले पुढून उघडणारे सदरे, त्यांची बटणं काढून चापाची बटणं लावलेली, कारण बोटं वाकत नव्हती. आणि प्रत्येक मराठी कपाटात असतो तसा आहेराचा गठ्ठा: शर्टपीस, पँटपीस, टॉवेल-टोपी, खोक्याला अजून चिकटलेली कागदाची चिठ्ठी, कुणाच्या लग्नात कुणी दिलं ते पेन्सिलीनं लिहिलेलं. तोच आहेर पुढच्या लग्नात दुसऱ्याला जायचा, फक्त ज्यानं दिला त्याच्याच घरी परत जाऊ नये म्हणून ही चिठ्ठी. नात्यांची इतकी चोख नोंद घरात दुसरीकडे कुठे नसेल.

राहिले खिसे. कामाचा माणूस महत्त्वाचा कागद कपाटातल्या ज्या कपड्याला कुणी हात लावत नाही त्यात ठेवतो. इथे तो लग्नातल्या काळ्या कोटाच्या आतल्या खिशात आहे: प्लॅस्टिकच्या पिशवीत गिरणीचा लाल पास, तिकीट नंबर असलेला, आणि भविष्यनिर्वाह निधीची एक पिवळी पडलेली स्लिप. हे कागद नुसत्या आठवणी नाहीत. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेल्या कामगारांसाठी म्हाडानं घरांची योजना राबवली, २०१२मध्ये तिची पहिली मोठी सोडत निघाली, आणि कामगार हयात नसेल तर वारसाचा हक्क धरला जातो. तो सिद्ध करताना गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्रक, ई.एस.आय.सी.चा किंवा भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक असेच पुरावे मागतात. कित्येक वारसांची अडचण नेमकी इथे होते, कारण गिरणी बंद पडली, कार्यालय उठलं आणि घरातला कागद कोटासकट गेला.

म्हणून कपडे आधी धुवायला टाकू नयेत. प्रत्येक कपडा उलटा करून पाहावा, कोट आणि पँटचे आतले खिसे, चोरखिसे, ट्रंकेच्या तळाचं वर्तमानपत्र, आहेराची खोकी एकेक करून तपासावीत, सापडलेल्या कागदांचे फोटो काढून ठेवावेत. बोहारणीला त्यानंतर हाक मारावी.