वर्गाचे नेमके कुठे चुकले?

परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेतला पाचवीचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. गणिताच्या चाचणीत दहा प्रश्न आहेत आणि मुले चाळीस. उत्तरपत्रिका मुलांना परत द्यायच्या आहेत, म्हणून गुरुजींनी मोबाइलवर त्यांचे फोटो काढून ठेवले. आता शोधायचे आहे ते एवढेच, की सगळ्यांत जास्त मुलांचे कोणते गणित चुकले?

पहिली मोजणी फोटोंची. प्रत्येक उत्तरपत्रिका दोन पानांची, म्हणजे फोटो ८० हवेत. ७७ च भरले, तर तीन पाने राहून गेली आहेत. ती तशीच सोडली, तर त्यावरची उत्तरे 'लिहिलीच नाहीत' अशी धरली जातील. म्हणून हजेरी क्रमांकानुसार फोटो लावून राहिलेली पाने आधी टिपावीत.

मग एका कागदावर प्रश्नवार तीन रकाने आखावेत: बरोबर, चूक आणि कोरे. एकेक फोटो पाहत ताळ्याच्या खुणा करत जायचे. समजा, सातव्या प्रश्नात १५ बरोबर, २२ चूक आणि तीन कोरे निघाले; दहाव्यात १४ बरोबर, नऊ चूक आणि १७ कोरे. नुसते गुण पाहिले तर दहावा प्रश्न अवघड वाटतो, कारण तिथे २६ जणांना गुण नाहीत आणि सातव्यात २५ जणांना. पण सातवा सोडवणाऱ्या ३७ पैकी २२ चुकले, तर दहावा सोडवणाऱ्या २३ पैकी नऊच. दहाव्यात कदाचित वेळ कमी पडला. नवव्यातही कोऱ्या जागा बऱ्याच असतील, तर ही शंका बळावते. खरी चूक सातव्यात आहे.

सातवा प्रश्न होता ५०३ वजा २४७. उत्तर २५६. आता त्या २२ चुकीच्या उत्तरांची वेगळी यादी करावी. समजा, १३ जणांनी ३४४ लिहिले आहे. ही मुले प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतात: सातातून तीन, चारातून शून्य, पाचातून दोन. पाच जणांनी २६६ लिहिले. त्यांनी शतक सुटे करून दहा दशक केले, पण त्यातला एक दशक एककाला दिल्यावर नऊ उरतात हे विसरले. उरलेल्या चौघांची उत्तरे वेगवेगळी. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८ मध्ये दाखवले होते, की मुलांच्या अशा चुका बहुतेकदा निष्काळजीपणाच्या नसून चुकीच्या पण ठरलेल्या पद्धतीच्या असतात.

सगळ्यांचेच, अगदी हुशार मुलांचेही उत्तर सारखेच चुकलेले दिसले, तर मात्र आधी उत्तरसूची आणि प्रश्नाचे शब्द तपासावेत.

पहिल्या गटाला काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवावेत, दुसऱ्याला फक्त तो नऊ. आठवड्याने ६०२ वजा ३५८ द्यावे. कुणी ३५६ लिहिले, तर जुनी पद्धत अजून सुटलेली नाही.